छापील चित्र, कापड आणि पडद्याच्या फोटोंतील मॉइरे काढण्याची पद्धत : कोणते काम आधी, कोणते नंतर

जुन्या मासिकातले चित्र स्कॅन केले की त्यावर जाळीदार पट्टे किंवा चौकटी उमटतात. त्यांना मॉइरे म्हणतात. ते काढण्यासाठी बहुतेक जण धूसर करण्याचे फिल्टर चालवतात, त्याने चित्र मऊ होते आणि पट्टे मात्र तसेच राहतात. दोष फिल्टरचा नसतो, कामांचा क्रम चुकलेला असतो. या लेखात छापील चित्राच्या स्कॅनचे एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवले आहे, कारण तिथे मॉइरे पूर्णपणे टाळता येतो आणि त्यामागचे कारण आकड्यांत दिसते. तेच कारण पडद्याच्या आणि कापडाच्या फोटोंना कसे लागू पडते आणि तिथे उपाय कुठे थांबतात, ते त्यानंतर येते.

उदाहरण माझ्या घरचे आहे. ऐंशीच्या दशकातल्या एका दिवाळी अंकात, गुळगुळीत कागदावर, आमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळाचा कृष्णधवल फोटो छापून आला होता. रुंदी १२ सेंटिमीटर, उंची ९ सेंटिमीटर. मूळ फोटो कुणाकडेच उरलेला नाही, त्यामुळे त्या माणसांचे जे काही राहिले आहे ते या छपाईतच आहे. पहिल्यांदा मी तो २०० डीपीआयवर स्कॅन केला, तेव्हा मागच्या पांढऱ्या पडद्यावर आणि पुढे बसलेल्यांच्या सदऱ्यांवर साधारण दोन मिलिमीटरच्या आडव्या-उभ्या चौकटी उमटल्या. छापील पानावर त्यांचा मागमूसही नव्हता.

## १. आधी कारण ओळखा

छपाईत करडा रंग नसतो. काळ्या शाईचे लहान-मोठे दाणे एका ठरावीक जाळीत बसवलेले असतात आणि डोळा त्यांची सरासरी काढतो. प्रेसमध्ये या जाळीला स्क्रीन म्हणतात आणि दर इंचाला दाण्यांच्या किती ओळी आहेत यावरून ‘१३३ ची स्क्रीन’, ‘१५० ची स्क्रीन’ असे बोलतात. वर्तमानपत्राच्या कागदावर ती साधारण ८५ ते १०० असते, मासिकांत १३३ ते १५०, आणि चांगल्या आर्ट पेपरवरील पुस्तकांत १७५ पर्यंत जाते.

माझ्या फोटोची स्क्रीन १३३ ची निघाली. कृष्णधवल छपाईत ही जाळी सहसा ४५ अंशांत तिरकी बसवतात. तिरक्या ओळी दर इंचाला १३३ असल्या, तरी त्याच दाण्यांचे उभे स्तंभ मोजले तर ते दर इंचाला सुमारे १८८ भरतात, कारण १३३ ला दोनच्या वर्गमुळाने गुणावे लागते. स्कॅनर मात्र दर इंचाला २०० नमुने घेत होता. २०० मधून १८८ वजा केले की १२ उरतात. म्हणजे दर इंचाला बारा वेळा स्कॅनरचा नमुना दाण्यावर येतो आणि पुन्हा दाण्यांच्या फटीत सरकतो. एका इंचात बारा पट्टे, म्हणजे प्रत्येक पट्टा सुमारे २.१ मिलिमीटरचा. पानावर नसलेल्या चौकटी आल्या त्या इथून.

पुढच्या सगळ्या टप्प्यांचा आधार इथेच आहे. एकदा दोन मिलिमीटरचा पट्टा फाइलमध्ये शिरला की तो सदऱ्याच्या घडीएवढा किंवा चेहऱ्यावरच्या सावलीएवढा मोठा असतो. तो पुसणारे कोणतेही धूसरीकरण घडी आणि सावलीही पुसते. मूळ दाणा मात्र एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाहून लहान असतो, म्हणून तो पुसला तरी चित्रातले फारसे काही जात नाही. तेव्हा आधी दाणे स्वच्छ आणि सुटे टिपायचे, मग ते पुसायचे, मग आकार लहान करायचा आणि धार अगदी शेवटी आणायची.

तपासणी : स्कॅन १०० टक्के आकारात पाहा. ३३ किंवा ६६ टक्क्यांवर दिसणारे पट्टे पुष्कळदा फाइलमध्ये नसतात, दाखवताना संगणकाने आकार घाईने लहान केल्यामुळे तयार झालेले असतात. १०० टक्क्यांवर पट्टे गेले आणि सुटे दाणे दिसू लागले, तर स्कॅन ठीक आहे. १०० टक्क्यांवरही पट्टे दिसत असतील तर ती फाइल बाजूला ठेवा आणि पुन्हा स्कॅन करा.

## २. स्कॅनची तयारी

काच पुसा, पान सपाट बसवा आणि पानाच्या मागे काळा कागद ठेवा. मासिकाचा कागद पातळ असतो. मागे पांढरे झाकण असले की मागच्या पानावरची अक्षरे चित्रात झिरपतात आणि त्यांच्या कडा दाण्यांत मिसळल्या की नंतर वेगळ्या काढता येत नाहीत. काळ्या कागदामुळे चित्र किंचित गडद येते, ते नंतर सहज उजळता येते.

मग स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधल्या सुधारणा बंद करा. सर्वांत आधी `Unsharp Mask` किंवा तत्सम धार वाढवणारी सोय बंद करायची. ती चालू राहिली तर प्रत्येक दाण्याभोवती पांढरी कडा तयार होते, दाणे अधिक ठसठशीत होतात आणि पुसायला दुप्पट त्रास देतात. `Descreen` ही दाणे आपोआप पुसणारी सोयसुद्धा मी बंद ठेवतो. एखादे चित्र घाईने कुणाला पाठवायचे असेल तर ती चालेल, पण तिने किती पुसले हे आपल्या हाती राहत नाही आणि मूळ दाणे जतन होत नाहीत.

## ३. स्कॅन

डीपीआय निवडताना स्क्रीनच्या किमान चौपट घ्या. ८५ ते १५० च्या स्क्रीनला ६०० डीपीआय पुरते, १७५ ला १२०० घ्यावे. फाइल टिफमध्ये आणि शक्य असल्यास १६ बिटमध्ये ठेवा. जेपेगमध्ये या टप्प्यावर कधीही साठवू नका. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडून दाबते आणि त्या तुकड्यांची स्वतःची एक जाळी दाण्यांच्या जाळीवर बसते.

माझे १२ बाय ९ सेंटिमीटरचे चित्र ६०० डीपीआयवर सुमारे २८३५ बाय २१२६ पिक्सेलचे झाले. पान थोडे तिरके बसले असेल तर आत्ता सॉफ्टवेअरमध्ये फिरवून सरळ करू नका, कारण फिरवताना संगणक शेजारचे पिक्सेल मिसळतो आणि दाण्यांचे अंतर जागोजागी किंचित बदलते. सरळ करण्याचे काम दाणे पुसल्यानंतर करा.

स्कॅनर नसेल आणि मोबाइलनेच फोटो घ्यायचा असेल, तर संपूर्ण पान नव्हे, फक्त चित्र चौकटीत भरा. कारण असे : ४००० बाय ३००० पिक्सेलच्या कॅमेऱ्याने ए-फोर पान उभे भरले तर दर इंचाला सुमारे ३४० पिक्सेल येतात. पण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल आणि निळे नमुने प्रत्येक रांगेत एकाआड एक पिक्सेललाच असतात, म्हणजे त्या रंगांना दर इंचाला फक्त १७० नमुने मिळतात. १३३ ची स्क्रीन नीट टिपायला २६६ तरी हवेत. म्हणूनच मोबाइलच्या अशा फोटोत कृष्णधवल छपाईवरही गुलाबी-हिरवे पट्टे दिसतात. तेच १२ सेंटिमीटरचे चित्र चौकटभर घेतले तर दर इंचाला सुमारे ८४५ पिक्सेल मिळतात आणि पट्टे येण्याचे कारणच उरत नाही.

## ४. दाण्यांचे अंतर मोजा

किती धूसर करायचे हे डोळ्याने ठरवण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात. ते मोजून ठरवायचे असते आणि त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

चित्रातला एकसारख्या करड्या रंगाचा भाग ८०० टक्के मोठा करा. गिम्प या मोफत प्रोग्रॅममधले `Measure` हे साधन घ्या. दाण्यांच्या ओळीच्या दिशेने, म्हणजे तिरके, एका दाण्याच्या मध्यापासून विसाव्या अंतरानंतरच्या दाण्याच्या मध्यापर्यंत मोजा. माझ्या चित्रात वीस अंतरांना ९० पिक्सेल आले, म्हणजे एका अंतराला ४.५ पिक्सेल. ६०० भागिले ४.५ म्हणजे सुमारे १३३, आणि स्क्रीनचा आकडा हाती आला.

सावधान : आडवे मोजू नका. ४५ अंशांच्या जाळीत आडव्या दिशेने शेजारचा दाणा ६.४ पिक्सेलवर सापडतो, तेच अंतर धरले तर चित्र गरजेपेक्षा जवळजवळ दीडपट धूसर होते. कृष्णधवल चित्रातला हा सर्वांत महागात पडणारा चुकीचा आकडा आहे.

## ५. दाणे पुसा

गॉसियन धूसरीकरणाचा आकार दाण्यांच्या अंतराच्या निम्मा ठेवा. निम्म्या अंतराला दाण्यांचा ठसा एका टक्क्याहूनही कमी उरतो. ४.५ च्या निम्मे म्हणजे २.२५. गिम्पमध्ये हे `Filters > Blur > Gaussian Blur` मध्ये `Size X` आणि `Size Y` या दोन्ही ठिकाणी लिहायचे.

आता एक बारकावा, ज्याकडे दुर्लक्ष झाले की जुनी चित्रे काळवंडतात. पिक्सेलच्या उजेडाचे पडद्यावरचे आकडे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. अर्धा काळा आणि अर्धा पांढरा भाग मिसळला तर प्रकाश निम्मा होतो आणि त्याचा पडद्यावरचा आकडा २५५ पैकी १८८ असतो, पण फक्त आकड्यांची सरासरी घेतली तर १२८ येतो, जो बराच गडद असतो. म्हणून सरासरी प्रकाशाच्या मापात काढावी. इमेजमॅजिक या आज्ञा लिहून चालवायच्या प्रोग्रॅममध्ये ते एका आज्ञेत होते :

```
magick scan.tif -colorspace RGB -blur 0x2.25 \
  -filter Lanczos -resize 50% \
  -colorspace sRGB -depth 16 out.tif
```

इथे `RGB` म्हणजे प्रकाशाच्या प्रमाणातले माप आणि `sRGB` म्हणजे पडद्याचे नेहमीचे माप. धूसर करणे आणि लहान करणे ही दोन्ही कामे त्या दोहोंच्या मध्ये बसवलेली आहेत, त्यांचा क्रम बदलू नका. आधी लहान केले तर दाणे पुन्हा नव्या जाळीशी भिडतात आणि २०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये झाले तेच पुन्हा होते.

पानावर चित्राखाली ओळ छापलेली असेल तर ती या कामातून वगळा. अक्षरे दाण्यांची नसतात, त्यांना धूसर करण्यात फक्त नुकसान आहे. चित्राचा चौकोन वेगळा कापून घ्या आणि नंतर पानावर परत बसवा.

रंगीत छपाईत चार शाया चार कोनांत असतात. बहुधा निळी १५, काळी ४५, किरमिजी ७५ आणि पिवळी ० अंशांत बसवतात. त्यांच्या एकमेकांवर येण्याने फुलासारखी एक गोल नक्षी तयार होते, तिला रोझेट म्हणतात, आणि ती दाण्यांच्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट मोठी असते. म्हणून निम्म्या अंतराचे धूसरीकरण दाणे पुसते, पण त्वचेच्या आणि आकाशाच्या भागात एक खरखरीतपणा मागे ठेवते. तो दिसला तर आकार अंतराच्या ०.७ पट करा. माझ्या आकड्यांत ते ३.१५ होईल. त्यापुढे मी जात नाही. त्यापुढे डोळ्यांच्या पापण्या जायला लागतात.

तपासणी : एकसारखा करडा भाग २०० टक्क्यांवर पाहा. दाणे नसावेत, पण माणसांच्या केसांची कड ओळखू यावी. कड गेली असेल तर टप्पा ४ मधला आकडा पुन्हा मोजा.

## ६. बारीक तपशील वाचवायचा असेल तर

धूसरीकरण सगळ्याच बारीक गोष्टींना सारखे लागते. कृष्णधवल चित्रात जाळी एकच असल्याने फक्त तिलाच उचलून काढणेही शक्य असते, आणि जिथे चेहरा नखाएवढा आहे तिथे ही मेहनत करण्यासारखी आहे. त्यासाठी फुरिए रूपांतर वापरतात, ज्यात चित्राऐवजी त्यातल्या आवर्तनांचा नकाशा समोर येतो. एका अंतराने पुन्हा पुन्हा येणारी जाळी त्या नकाशात मोजक्या चमकदार ठिपक्यांत गोळा होते आणि चित्र मध्यभागी पसरलेले राहते.

इमेजजे या मोफत प्रोग्रॅममध्ये धूसर न केलेला मूळ स्कॅन कृष्णधवल करून उघडा आणि `Process > FFT > FFT` चालवा. प्रोग्रॅम चित्राभोवती जागा वाढवून ते ४०९६ बाय ४०९६ करतो. माझ्या चित्रात ठिपके कुठे यायला हवेत हे आधी काढता येते : ४०९६ भागिले ४.५ म्हणजे मध्यापासून सुमारे ९१० पिक्सेलवर, चार तिरक्या दिशांना एकेक. आणखी चार ठिपके, दाण्यांच्या उभ्या-आडव्या रांगांचे, मध्यापासून सुमारे १२८७ पिक्सेलवर वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे असतात. ठिपका सापडला की त्याभोवती लहान वर्तुळ काढून ते काळ्या रंगाने `Edit > Fill` करा. ठिपके जोडीने असतात, म्हणून समोरासमोरचे दोन्ही भरा. मग `Process > FFT > Inverse FFT`.

सावधान : मध्यभागी असलेल्या चमकदार डागाला आणि त्यातून जाणाऱ्या बारीक आडव्या-उभ्या रेघांना, वर सांगितलेले ठिपके सोडून, हात लावू नका. चित्र तिथेच आहे. वर्तुळही फार मोठे घेऊ नका. ठळक कडांभोवती तरंग उमटले तर वर्तुळ जास्त मोठे झाले असे समजा.

या मार्गाने दाणे काढल्यानंतर १ पिक्सेलचे अगदी हलके धूसरीकरण पुरते. नाट्यमंडळाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या एका माणसाची चष्म्याची काडी साध्या धूसरीकरणात हरवली होती, ती अशा प्रकारे परत दिसली. घरात बोट ठेवून नाव सांगता आले ते त्या काडीवरून.

## ७. आकार आणि धार

लहान केलेले चित्र सुमारे १४१७ बाय १०६३ पिक्सेलचे झाले, म्हणजे ३०० डीपीआय. आता तिरके असेल तर सरळ करा, काळा-पांढरा तोल साधा आणि शेवटी धार द्या. धारेचा आकार साधारण १ पिक्सेल आणि जोर माफक ठेवा. धार देताना डोळा चेहऱ्यावर नव्हे, एकसारख्या करड्या भागावर ठेवा. दाण्यांचा जो अत्यल्प ठसा उरला असेल तो धारेने सर्वांत आधी तिथेच वर येतो. तो वर आला की जोर कमी करा. मूळ ६०० डीपीआयचा टिफ जपून ठेवा, कारण त्यातून काम कधीही नव्याने करता येते.

## ८. पडद्याचा फोटो

संगणकाचा किंवा मोबाइलचा पडदा टिपायचा असेल तर फोटो घेऊ नका, स्क्रीनशॉट घ्या. फोटो फक्त तेव्हाच, जेव्हा स्क्रीनशॉट शक्य नसतो, उदाहरणार्थ टीव्ही, एखादे यंत्र किंवा दुसऱ्याच्या हातातला पडदा.

इथेही दोन जाळ्या भिडतात, पडद्याच्या पिक्सेलची आणि सेन्सरची. छापील चित्रासारखे चौपट नमुने घेणे इथे बहुधा शक्य नसते, म्हणून उलटा मार्ग घ्यावा : पडद्याची जाळी सेन्सरवर पोचण्याआधीच विरघळवायची. थोडे मागे सरका आणि फोकस किंचित पडद्याच्या पुढे आणा, इतकाच की पडद्याचे पिक्सेल मिटतील पण अक्षरे वाचता येतील. कॅमेरा काही अंश तिरका करा. प्रत्येक बदलानंतर एक असे पाच-सहा फोटो घ्या, कारण मॉइरे पाऊलभर अंतराने पूर्ण बदलतो आणि कोणता फोटो स्वच्छ आला हे मोठ्या आकारात पाहिल्यावरच कळते.

आडवे रुंद काळे पट्टे दिसत असतील तर ते मॉइरे नसण्याचीच शक्यता जास्त. शटरचा वेग बदलला की त्यांची रुंदी बदलत असेल, तर ती पडद्याची लुकलुक आहे आणि शटर मंद केल्याने ती जाते. अंतर बदलल्यावर नक्षी बदलत असेल, तरच तो मॉइरे.

## ९. बारीक विणीचे कापड

बारीक रेघांचा सदरा, घट्ट विणीचा रेशमी खण किंवा सुती चौकड्यांचे कापड यांत दोष दोन प्रकारचे असतात आणि ते वेगळे ओळखावे लागतात. कापडावर इंद्रधनुषी ढग तरंगत असतील तर तो रंगाचा मॉइरे, मोबाइलच्या फोटोत लाल-निळ्या नमुन्यांमुळे झाला तोच. कापडाच्या मूळ रंगातच काळे-उजळ पट्टे असतील तर तो उजेडाचा मॉइरे.

रंगाचा मॉइरे काढता येतो. गिम्पमध्ये थराची प्रत करा, तिला १० ते २० पिक्सेलचे गॉसियन धूसरीकरण द्या आणि त्या थराची मिश्रणपद्धत `LCh Color` करा. आता त्या थरातून फक्त रंग येतो, वीण खालच्या थरातून येते. मास्क लावून हा थर फक्त बिघडलेल्या भागावर ठेवा. लाइटरूममध्ये हेच काम ब्रशमधल्या `Moiré` या स्लायडरने होते.

साडीच्या काठाशी हात फार सावकाश चालवा. २० पिक्सेलचे धूसरीकरण काठाचा हिरवा रंग अंगात आणि अंगाचा जांभळा काठात ओढते, आणि साडी विकणाऱ्याच्या फोटोत ती चूक गिऱ्हाइकाला लगेच दिसते. काठापासून धूसरीकरणाच्या आकाराच्या दुप्पट अंतरावर मास्क थांबवा. उरलेल्या पट्टीवर मास्कचा थर न लावता अंगाचाच स्वच्छ रंग घेऊन हलक्या हाताने भरा, तोही `LCh Color` पद्धतीतच.

उजेडाचा मॉइरे मात्र नंतर काढता येत नाही, कारण तो घडीएवढा मोठा झालेला असतो, माझ्या २०० डीपीआयच्या स्कॅनसारखा. तिथे फोटो पुन्हा घ्यावा लागतो : थोडे जवळ जाऊन, म्हणजे धागे सेन्सरला सुटे दिसतील, किंवा पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर छिद्र एफ १६ पर्यंत लहान करून, म्हणजे भिंगच धागे थोडे मऊ करेल. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर कापड तपासताना पूर्ण मोठे करून पाहा. लहान आकारात तो पडदा स्वतःच खोटा मॉइरे दाखवतो आणि चांगला फोटो उगाच पुसला जातो.